काशी सहलीची तारीख बदलून मागताना

सासूबाईंना डेंग्यू झाल्याने पुढच्या आठवड्यातली आमची काशी-अयोध्या सहल रहित करावी लागली, म्हणून आज खडेबाजारातल्या सहल आयोजकांना लेखी अर्ज दिला. अर्जात बुकिंग क्रमांक, पावतीची तारीख, भरलेली रक्कम आणि चौघांची नावे पावतीवर आहेत तशीच लिहिली. पहिली विनंती दिवाळीनंतरच्या तुकडीत सामावून घेण्याची आणि ते शक्य नसल्यास परताव्याची केली. डॉक्टरांच्या दाखल्यात नुसते ‘आजारी आहेत’ असे होते. ‘या तारखांना प्रवास करू नये’ हे वाक्य त्यांच्याकडून मुद्दाम घालून घेतले, कारण आयोजक नेमके तेच विचारतात.

‘विमानाचे तिकीट नॉन-रिफंडेबल आहे, त्यातले काहीच मिळणार नाही,’ असे मॅनेजर साहेब म्हणाले. तिकीट तसे असले तरी ते उड्डाणापूर्वी रद्द केल्यास त्यातील सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत करणे विमान कंपनीला बंधनकारक आहे, म्हणून हॉटेल, बस आणि विमान यांचा खर्च वेगवेगळा दाखवणारा हिशेब मी मागितला. साहेबांचा चेहरा जरा उतरला खरा, पण अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि सही मिळाली. हिशेब शनिवारी देणार आहेत.