उसाचा दर आणि जिनिव्हा

«सर, तुम्ही आम्हाला शिकवलंत की राज्य सार्वभौम असतं. मग आपल्या उसाच्या दरावर जिनिव्हात खटला कसा चालतो? आपण सार्वभौम कसले?»

हा प्रश्न मला वर्गात कुणी कधी विचारला नाही. निवृत्त झाल्यावर मात्र सतत विचारला जातो. सोसायटीच्या कट्ट्यावर, लग्नाच्या मांडवात, एकदा तर वजनकाट्याच्या रांगेत ट्रॅक्टरवर बसलेल्या जुन्या विद्यार्थ्याने वरूनच ओरडून विचारला. मी तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं आणि तेवढीच वर्षं दोन एकर ऊस लावतो आहे. त्यामुळे उत्तर पुस्तकातून न देता बिलाच्या पावतीवरून देतो.

२०१८-१९ चा हंगाम घ्या. केंद्राने एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचाच असा किमान दर, ठरवली होती क्विंटलला २७५ रुपये, दहा टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून दहा किलो साखर निघते असं धरून. त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला पावणेतीन रुपये. आमच्या भागात उतारा बारा धरला तर क्विंटलला ३३० रुपये, म्हणजे टनाला ३३००. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. उरलेली रक्कम चौदा दिवसांत द्यायची, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याजासह. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश तसं सांगतो. आमच्या कारखान्याने त्या वर्षी पहिली उचल एफआरपीपेक्षा बरीच कमी दिली आणि बाकीसाठी आम्हाला उन्हाळा पाहावा लागला. व्याजाचं तर नावच नको.

कारण साधं होतं. देशात साखर गरजेपेक्षा सत्तर-ऐंशी लाख टन जास्त झाली होती. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कच्च्या साखरेचा भाव पाहिला तर किलोला वीस रुपयांच्या आसपास, आणि आपल्याकडे सरकारने कारखान्यांचा किमान विक्रीदर आधी २९ आणि मग ३१ रुपये ठेवलेला. बाहेर विकली की किलोमागे दहा रुपयांचा खड्डा. म्हणून दिल्लीने ठरवलं की कारखान्यांनी ५० लाख टन निर्यात करायची आणि सरकारने मदत द्यायची: बंदरापासून शंभर किलोमीटरच्या आतल्या कारखान्यांना टनाला हजार रुपये वाहतूक अनुदान, किनारपट्टीच्या राज्यांतल्या लांबच्या कारखान्यांना अडीच हजार. शिवाय गाळलेल्या उसावर क्विंटलला १३ रुपये ८८ पैसे.

यावर ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत गेले. त्यांचंही चूक नाही. त्यांच्याही गावात ऊसवाले आहेत, आणि आमची अनुदानित साखर बाजारात आली की त्यांचा भाव पडतो. १४ डिसेंबर २०२१ ला तिथे खटला ऐकणाऱ्या पॅनेलचा अहवाल आला आणि भारत हरला. निर्यातीचं अनुदान नियमबाह्य ठरलं, हे मला फारसं आश्चर्याचं वाटलं नाही. दुसरा निष्कर्ष मात्र डोकं खाजवायला लावणारा होता. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत भारताने ऊस उत्पादकांना मर्यादेपेक्षा जास्त आधार दिला, असं पॅनेल म्हणालं. मर्यादा किती? उसाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या दहा टक्के.

माझा विद्यार्थी इथे म्हणाला, «सर, पण एफआरपी तर कारखाना देतो. सरकारने एक रुपया दिला नाही.» अगदी हेच भारताच्या वकिलांनी जिनिव्हात मांडलं होतं. पॅनेलने ऐकलं नाही. किंमत सरकारने ठरवून बंधनकारक केली की पुरे, पैसे कुणाच्या खिशातून गेले हे गौण. आणि आधाराची मोजणी कशी? सरकारने ठरवलेल्या किमतीतून एक गोठवलेली किंमत वजा करायची आणि उरलेल्या फरकाला त्या दराला पात्र असलेल्या सगळ्या उत्पादनाने गुणायचं. ही गोठवलेली किंमत १९८६ ते १९८८ या वर्षांवर बेतलेली असते. हिशोबापुरतं समजा ती टनाला दोनशे रुपये आहे. २७५० वजा दोनशे, म्हणजे अडीच हजारांच्या वर «आधार». टक्क्यांत नव्वदीच्या पुढे. मधल्या तीस वर्षांत डिझेल, खत, मजुरी सगळं कुठल्या कुठे गेलं, पण वजा करायचा आकडा राजीव गांधी पंतप्रधान असतानाचा. या रीतीने मोजलं तर कुठलीही एफआरपी दहा टक्क्यांत बसणार नाही. महागाईचा विचार करावा असं एक मोघम वाक्य व्यापार संघटनेच्या करारात आहे, पण त्याच्या आधारे कुणी सुटल्याचं मला आठवत नाही.

आता सार्वभौमत्व. वर्गात मी व्याख्या सांगायचो: राज्याच्या हद्दीत सर्वोच्च आणि बाहेरच्या कुणालाही बांधील नसलेली सत्ता. आता मी ती एका प्रश्नात बसवतो: शेवटचा शब्द कुणाचा?

जिनिव्हाच्या निकालाने आपला ऊस नियंत्रण आदेश रद्द होत नाही. तिथला कुणी अधिकारी पुण्याला शिवाजीनगरच्या साखर संकुलात येऊन साखर आयुक्तांना आदेश देऊ शकत नाही आणि आपलं कुठलंही न्यायालय तो निकाल जसाच्या तसा लागू करणार नाही. युरोपीय संघाची गोष्ट वेगळी आहे. तिथे १९६४ पासून संघाचं न्यायालय सांगतं की संघाचा कायदा सदस्य देशाच्या कायद्याच्या वर, आणि देशातला न्यायाधीश ते मानतो. खऱ्या अर्थाने राज्यांच्या वर बसलेली संस्था ती. व्यापार संघटना त्या मानाने भाऊबंदकीतल्या पंचांसारखी आहे. पंच सांगतात की तू शब्द मोडलास. मानायचं की नाही ते तू ठरव, पण मानलं नाहीस तर समोरच्याला तुझ्या मालावर तेवढ्या नुकसानीचा जादा आयातकर लावायची परवानगी मिळेल. तो कर साखरेवरच असेल असंही नाही. ऊस आमचा आणि फटका दुसऱ्याच कुणाला.

म्हणजे शेवटचा शब्द दिल्लीचाच राहतो, पण त्याला किंमत पडते. आणि ही किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, हे मला जास्त खुपतं. कापसाच्या खटल्यात अमेरिका ब्राझीलकडून हरली. तिने आपला कायदा लगेच बदलला नाही. २०१० मध्ये ठरवून ब्राझीलच्याच कापूसवाल्यांना वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देऊ केले आणि २०१४ मध्ये तीस कोटी डॉलर देऊन विषय मिटवला. आपल्या शेतकऱ्यांचं अनुदान वाचवण्यासाठी परक्या शेतकऱ्यांना पैसे! ऐपत असेल तर सार्वभौमत्व असंही विकत घेता येतं. युरोपची तऱ्हा दुसरी. तोच ब्राझील, तोच ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांच्याकडून २००५ मध्ये युरोप साखरेवरच हरला आणि पुढच्या वर्षी त्याने सुधारणा आणून साखरेचा आधारभाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला. कारखाने बंद पडले. पण बाहेर पडणाऱ्यांना भरपाई द्यायला त्यांच्याकडे पैसा होता.

भारतानेही पूर्वी मुकाट्याने मानलं आहे. आयातीवरच्या संख्यात्मक निर्बंधांचा खटला आपण १९९९ मध्ये हरलो आणि १ एप्रिल २००१ ला शेवटच्या ७१५ वस्तू खुल्या केल्या. साखरेच्या वेळी मात्र आपण अपील केलं. कुणापुढे? अपील ऐकणाऱ्या मंडळापुढे, ज्यात तेव्हा एकही सदस्य नव्हता. अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून ठेवल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून ते मंडळ बसूच शकत नव्हतं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये शेवटच्या सदस्याचीही मुदत संपली. अपील झालं की पॅनेलचा अहवाल मंजूर होत नाही आणि अपील ऐकायला कुणी नाही. निर्यात अनुदान १२० दिवसांत काढा असं पॅनेलने म्हटलं होतं. ते १२० दिवस सुरूच झाले नाहीत. लोक याला आपला विजय म्हणतात. मी याला बंद दाराच्या कोर्टात फाईल टाकून गावाला परत येणं म्हणतो. दार उद्या उघडलं तर फाईल तिथेच आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग. १९९४ च्या एप्रिलमध्ये मराकेशला भारताने व्यापार संघटनेच्या करारावर सही केली तेव्हा संसदेची मंजुरी घेणं घटनेनुसार आवश्यक नव्हतं. करार करणं हा कार्यपालिकेचा अधिकार. शेती हा राज्याचा विषय, पण अनुच्छेद २५३ नुसार कराराच्या अंमलबजावणीसाठी संसद राज्याच्या विषयावरही कायदा करू शकते. म्हणजे शिरोळच्या शेतकऱ्याचा आवाज मुंबईत अडला, मुंबईचा दिल्लीत, आणि दिल्लीने जिनिव्हात जाऊन शब्द दिला. दहा टक्क्यांची मर्यादा कुणी आपल्यावर लादली नाही. ती आपल्याच सहीखाली आहे. सही करताना ते १९८६-८८ काय आहे हे विधानसभेत, जिल्हा परिषदेत, एखाद्या कारखान्याच्या वार्षिक सभेत तरी कुणी वाचून दाखवलं होतं का? मी त्या काळात आमच्या कारखान्याच्या प्रत्येक सभेला होतो. तिथे लाडू मिळायचे.

आणि न्यूयॉर्कच्या त्या भावाला कुठला करारही लागत नाही. ज्या हंगामात बाहेरचा भाव चढा होता त्या २०२१-२२ मध्ये एक रुपयाचं अनुदान नसताना आपली शंभर लाख टनांहून जास्त साखर बाहेर गेली. तेव्हा खटल्याची कुणाला आठवण नव्हती. मग देशातला भाव वाढू नये म्हणून जून २०२२ पासून दिल्लीनेच निर्यातीवर मर्यादा घातली आणि २०२३-२४ मध्ये निर्यात बंदच ठेवली. ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायलाही अचानक अटकाव केला. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभारली होती त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. तो निर्णय ब्राझीलने घेतला नव्हता. तो आपला सार्वभौम निर्णय होता.

हे सांगितल्यावर ट्रॅक्टरवरचा विद्यार्थी थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, «म्हणजे भांडायचं कुणाशी तेवढं तरी कळलं.» तेवढ्यात काट्यावरून त्याचा नंबर पुकारला गेला.

पॅनेलच्या हिशोबाने जी एफआरपी आधीच मर्यादेबाहेर होती, ती २०२५-२६ साठी क्विंटलला ३५५ रुपये आहे, उताऱ्याचा पाया आता १०.२५ टक्के. चौदा दिवसांची अट कायद्यात अजून तशीच आहे. ती पाळायला लावण्यासाठी जिनिव्हाची परवानगी लागत नाही.