एका मूळ कागदासाठी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा: हक्कसोडपत्राच्या नोंदणीचा वृत्तांत

दुय्यम निबंधक कार्यालयात वडिलांच्या घराचे हक्कसोडपत्र नोंदवण्यासाठी आम्ही १० जूनला गेलो. जेमतेम पाऊण तासात आटोपायला हवे होते ते काम सकाळी दहाला सुरू होऊन संध्याकाळी सहाला संपले, कारण फाइलमध्ये एक कागद नव्हता. तो कागद लागत नाही असे मला खात्रीने सांगण्यात आले होते, आणि मी त्यावर विश्वास ठेवला. ज्यांच्या घरातील एखादा वारस परदेशात आहे आणि त्याच्या वतीने दुसरे कोणीतरी सही करणार आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. संकेतस्थळावर दस्ताची माहिती भरणे, चलन काढणे आणि वेळ आरक्षित करणे या गोष्टी तुम्हाला जमतात असे मी गृहीत धरते. आमच्याही त्या विनातक्रार पार पडल्या.

वडील गेल्यावर भांडुपचे आमचे घर आई, दादा आणि मी अशा तिघांच्या वाट्याला आले. दादाने आणि मी आपापला हिस्सा आईच्या नावे सोडायचा, म्हणजे सोसायटीच्या दप्तरी एकटीचे नाव लागून तिला पुढे कोणाच्या सहीसाठी थांबावे लागणार नाही, असे ठरले. वारसाहक्काने आलेला हिस्सा मोबदला न घेता आईला सोडत असल्याने मुद्रांक शुल्क नाममात्र होते. खरेदीखतासारखी टक्केवारी त्याला लागत नाही. दादा दुबईला असतो. त्याने तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र करून पाठवले होते. त्यामुळे दस्तावर मी दोनदा सही केली, एकदा स्वतःसाठी आणि एकदा दादाचा मुखत्यार म्हणून.

मुखत्यारपत्राची मूळ प्रत मी डोंबिवलीला मावशीकडे ठेवली होती. आमचे घर तळमजल्यावर आहे आणि पावसाळ्यात एकदा कपाटाच्या खालच्या कप्प्यापर्यंत पाणी आले, तेव्हापासून घरातली महत्त्वाची कागदपत्रे तिच्या तिसऱ्या मजल्यावर असतात. माझ्याजवळ नोटरी केलेली रंगीत झेरॉक्स होती. मसुदा तयार करून देणाऱ्या गृहस्थांना मी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा त्यांनी "नोटरीची प्रत चालते, मूळ कशाला फिरवता?" असे उत्तर दिले. सोसायटीने ती प्रत घेतलेली असल्यामुळे मलाही ते पटले.

पहिल्याच टेबलावर ते खोटे ठरले. लिपिकाने मुखत्यारपत्राचे शेवटचे पान उलटले, वकिलातीच्या मोहोरेवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता फाइल माझ्याकडे सरकवली. मूळ कागदावर ती मोहोर उठावाची आहे, बोटाला लागते. झेरॉक्सवर तिथे नुसता गुळगुळीत निळा गोल होता. मग त्याने दुसरी गोष्ट दाखवली, जी माझ्याही लक्षात आली नव्हती. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे लागते. आम्ही ते मार्चमध्ये भरले होते, पण माझी झेरॉक्स फेब्रुवारीतली असल्यामुळे शुल्क भरल्याचा शेरा त्या प्रतीवर नव्हताच. म्हणजे ती प्रत चालवून घ्यायची असे कोणी ठरवले असते, तरी तिच्यावरून मुखत्यारपत्र बिनमुद्रांकाचेच दिसत होते. माझे मत स्पष्ट आहे: मुखत्यारपत्राची झेरॉक्स, मग ती कितीही रंगीत आणि कितीही नोटरी केलेली असो, नोंदणीसाठी निरुपयोगी आहे. ती मूळ प्रतीसोबत जोडायची असते, मूळ प्रतीऐवजी नाही.

"मूळ घेऊन या, मग सगळे एकदम करू," असे लिपिकाने सांगितले आणि पुढचा टोकन क्रमांक पुकारला. तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती.

बाहेर जिन्यात एका माणसाने आम्हाला अडवले. तीन हजार रुपये दिले तर आतून काम करून देतो, नाहीतर तुमचे चलन बाद होईल आणि सगळे पैसे पुन्हा भरावे लागतील, असे तो सांगू लागला. आई घाबरली आणि तिने पर्समध्ये हातही घातला. त्याचे हे म्हणणे साफ खोटे होते. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर करायचा असतो आणि सही करणाऱ्यांनीही त्याच मुदतीत हजर व्हायचे असते. मी २ जूनला सही केली होती, म्हणजे आमच्याकडे २ ऑक्टोबरपर्यंत वेळ होता. हे चार महिने उलटले तरी आणखी चार महिन्यांपर्यंत दंड भरून दार उघडे असते, मात्र तो दंड नोंदणी शुल्काच्या दहा पटींपर्यंत जाऊ शकतो, म्हणून त्यावर विसंबू नये. दस्तावरची सहीची तारीख तोंडपाठ ठेवा. ती माहीत असली तर जिन्यातल्या माणसाला एक पैसाही द्यावा लागत नाही.

मुदत हातात असूनही मी त्याच दिवशी काम संपवायचे ठरवले, कारण आईच्या गुडघ्यांना तो जिना दुसऱ्यांदा चढायला लावणे मला नको होते. आईला आणि ओळख पटवण्यासाठी आलेल्या दोघा शेजाऱ्यांना बाकावर बसवले आणि मावसभावाला फोन केला. डोंबिवलीहून जलद गाडी पकडून त्याने ठाण्याला यायचे आणि मी इकडून ठाण्याला जायचे, असे ठरले. स्थानकावरच्या पुलावर एक वाजता त्याने शर्टाच्या आत धरलेला लिफाफा माझ्या हातात दिला. मी तिथेच तो उघडून मोहोर, वकिलातीची सही आणि मुद्रांकाचा शेरा पाहिला. तो परत निघाला होता, पण त्या दोघा शेजाऱ्यांपैकी एका काकांना चारच्या आत कामावर पोचायचे असल्याचे आठवून मी त्याला विचारले, "आधार कार्ड आहे का जवळ?"

"आहे ना ताई, पण साक्षीदार म्हणून दस्तावर माझी सही कुठे आहे?"

पुष्कळांची गफलत होते ती इथेच. दस्तावर साक्षीदार म्हणून सही करणारे वेगळे आणि कार्यालयात 'या व्यक्तींना आम्ही ओळखतो' असे सांगणारे वेगळे. ते दोघे तेच असले पाहिजेत असे नाही. मावसभाऊ आम्हा दोघींना जन्मापासून ओळखतो, तेवढे पुरेसे होते. तो सोबत आला म्हणूनच दिवस वाचला, कारण काका साडेतीनला उठून गेले. ओळख पटवणारे दोघे लागत असतील तर तिसरा माणूस तयार ठेवाच.

पावणेदोनला आम्ही परतलो तेव्हा आमचा क्रमांक केव्हाच होऊन गेला होता आणि नवा क्रमांक रांगेच्या टोकाला मिळाला. दोन ते पावणेपाच हा त्या दिवसाचा सर्वांत वाईट भाग. एकच पंखा, आठ माणसांच्या बाकावर बारा माणसे, मध्ये चाळीस मिनिटे बंद पडलेली यंत्रणा, आणि आपला क्रमांक पुकारला जाईल या भीतीने कोणी पाणी आणायलाही उठत नाही. आईने सकाळपासून दोन बिस्किटे खाल्ली होती. सोबत वयस्कर माणूस असेल तर डबा, पाणी आणि औषधे घेऊनच जा. खाली उतरून परत येऊ, असे मनात आणू नका.

शेवटी निबंधकांच्या समोर बसलो. त्यांनी मूळ मुखत्यारपत्र उजेडात धरून पाहिले आणि माझ्याकडून घोषणापत्रावर सही घेतली: मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती हयात आहे, तिने ते रद्द केलेले नाही, आणि हे कथन चुकीचे निघाल्यास नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ८२ खाली मी शिक्षेस पात्र आहे. हे घोषणापत्र घरूनच छापून नेले असते तर तिथली दहा मिनिटे वाचली असती. सही करण्यापूर्वी दादाला फोन करून त्याचा आवाज ऐकला, कारण मी नेमके कशावर सही करत आहे याची जाणीव मला तेव्हा झाली.

मग त्यांनी विचारले, "सकाळीच आलात तर आईंना दिवसभर का बसवलेत?" मी लिपिकाचे उत्तर सांगितले. त्यावर त्यांनी जे समजावले ते मला सकाळी अकरा वाजता कळायला हवे होते. दस्त सादर करणे आणि प्रत्येकाने त्याची कबुली देणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि सर्वांनी एकाच वेळी हजर असण्याची कायद्याची सक्ती नाही. दस्त सकाळीच सादर करून आईचा फोटो, अंगठा आणि माझी स्वतःपुरती कबुली घेता आली असती. दादाच्या वतीची कबुली तेवढी प्रलंबित राहिली असती आणि ती द्यायला मूळ कागद घेऊन मी एकटी चार महिन्यांच्या आत कधीही येऊ शकले असते. आई बारा वाजता घरी जाऊन जेवली असती. एखाद्याचा कागद कमी पडला तर टेबलावरून परत फिरू नका, थेट निबंधकांना भेटा आणि 'बाकीच्यांची कबुली आज घेता का' असे विचारा. हा प्रश्न मी विचारला नाही, याचे मला त्या दिवसातल्या इतर कशाहीपेक्षा जास्त वाईट वाटते.

आईचा अंगठा यंत्र घेईना. चाळीस वर्षे भांडी घासून रेषा झिजल्या आहेत. तीन वेळा नकार आल्यावर मावसभावाने रुमाल ओला करून तिचा अंगठा पुसला, कोरडा केला, आणि मी तिचे मनगट धरून तो काचेवर सपाट टेकवला. तेव्हा चौथ्या वेळी ठसा उमटला. ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांनी ओला रुमाल जवळ ठेवावा आणि अंगठा दाबण्याऐवजी हलकेच टेकवावा.

अंतिम नोंदणीपूर्वी भरलेल्या माहितीची छापील प्रत तपासायला देतात. दमलेले असलात तरी ती ओळीने वाचा. आमच्या प्रतीत सदनिकेचा क्रमांक १४ ऐवजी ४१ होता, आणि तो संकेतस्थळावर मीच चुकीचा भरला होता. त्या टप्प्यावर तो दोन मिनिटांत बदलून मिळाला. नोंदणी होऊन गेल्यावर तीच चूक सुधारायला चूक दुरुस्तीचा स्वतंत्र दस्त करावा लागतो, म्हणजे सगळ्यांना पुन्हा तोच जिना.

पाच वाजून पन्नास मिनिटांनी स्कॅन झालेला मूळ दस्त हातात आला. दस्त हाताळणी शुल्क आम्ही आधीच ऑनलाइन भरले होते, त्यामुळे तिथे रोख काहीच द्यावे लागले नाही. कोणी मागितले तर पावती मागा. रिक्षात बसल्यावर आईने मुखत्यारपत्राचा लिफाफा माझ्याकडून मागून घेतला. सोसायटीत तिचे नाव लागेपर्यंत तो डोंबिवलीला परत जाणार नाही. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून तो आता देवघराच्या वरच्या फळीवर आहे, जिथे आमच्याकडे पाणी कधी पोचलेले नाही.