'टेल मी अबाउट युअरसेल्फ' ला मी काय सांगितलं, माझा अनुभव (मेकॅनिकल फ्रेशर, चाकण)

मी गडहिंग्लजची, डिप्लोमा करून मग मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, आणि पहिला जॉब चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागला. कंपनीचं नाव इथे घेत नाही, त्याची गरजही नाही. लिहायचंय ते फक्त त्या पहिल्या प्रश्नाबद्दल, कारण आमच्या बॅचच्या पोरापोरींचे अजून मेसेज येतात की यावर नक्की काय बोलायचं.

कॉलेजला आम्हाला एक ठरलेलं उत्तर पाठ करून घेतलं होतं. नाव, गाव, वडील काय करतात, आई गृहिणी, दहावी बारावीचे टक्के, छंद गाणी ऐकणं, स्ट्रेंग्थ हार्डवर्किंग, वीकनेस म्हणजे मी पटकन विश्वास ठेवते वगैरे. यात खोटं काही नाही, पण यातली निम्मी माहिती समोरच्याच्या हातातल्या रेझ्युमेवर लिहिलेली असते आणि उरलेली निम्मी त्याच बाकावर बाहेर बसलेल्या प्रत्येकाची सारखीच असते. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे असं उत्तर ऐकल्यावर समोरच्याला पुढे विचारायला काही मिळतच नाही, मग तो रेझ्युमे चाळतो आणि त्याला जे दिसेल त्यावर बोट ठेवतो. ते थर्मोडायनॅमिक्सपण असू शकतं आणि तिसऱ्या सेमिस्टरला कमी पडलेले मार्कपण. म्हणून मी असं ठरवलं की या उत्तरातून पुढचा प्रश्न कुठला यावा हे आपणच सुचवायचं, आणि जिथे 'का?' असं दोन-तीनदा विचारलं तरी आपण टिकू तेवढंच बोलायचं.

आधी मी एका कोऱ्या कागदावर रेझ्युमेमधलं सगळं लिहून काढलं, ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, ॲन्सिस, फायनल इयर प्रोजेक्ट, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून पार्ट बनवायच्या कारखान्यात, केलेलं इनप्लँट ट्रेनिंग, एनएसएस. मग मैत्रिणीला समोर बसवून प्रत्येकावर तिला 'का' आणि 'कसं' विचारायला लावलं. ॲन्सिस लगेच गळालं, कारण आम्ही ते एका असाइनमेंटपुरतं वापरलं होतं, मी ते रेझ्युमेवरूनपण काढलं. टिकलं ते फाउंड्रीचं काम, तिथे मी रोज शॉप फ्लोअरवर उभी होते आणि प्रोजेक्टपण तिथलाच होता. शिवाय जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, कास्टिंग आणि मशीन्ड पार्टचं इनकमिंग इन्स्पेक्शन, म्हणजे बाहेरून आलेला माल आत घेण्याआधी तपासायचा. त्यामुळे कशावर बोलायचं ते ठरलं.

मग बोलून मोबाईलवर रेकॉर्ड केलं. पहिल्यांदा ते तीन मिनिटांच्या वर गेलं आणि ऐकताना मलाच मधे कंटाळा आला. कापत कापत दीड मिनिटावर आणलं. शब्द न् शब्द पाठ केला नाही, फक्त कशानंतर काय हे पक्कं केलं, कारण पाठ केलेल्या उत्तरात मधेच कुणी टोकलं की पुढचं आठवत नाही, आणि टोकतातच. इंटरव्ह्यू इंग्लिशमध्ये होता त्यामुळे वाक्यं मुद्दाम छोटी ठेवली. मराठीत सांगायचं तर माझं उत्तर साधारण असं होतं:

"मी या वर्षी मेकॅनिकलमध्ये बीई पास झाले, त्याआधी डिप्लोमा केलाय. माझं ट्रेनिंग आणि फायनल इयर प्रोजेक्ट कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत झालं. तिथे पंप हाउसिंगच्या कास्टिंगमध्ये गॅस अडकून आत पोकळ छिद्रं पडायची, त्यांना ब्लो होल म्हणतात, आणि ती मशीनिंग झाल्यावरच दिसायची, म्हणजे मशीनिंगचा खर्चही वाया जायचा. आमच्या चौघांच्या ग्रुपमध्ये रिजेक्ट झालेले पीस तपासून दोषाप्रमाणे वेगळे करणं आणि त्याचा डेटा ठेवणं हे माझं काम होतं. त्यावरून लक्षात आलं की पावसाच्या दिवसात मोल्डिंगच्या वाळूत ओलावा वाढतोय. तो कंट्रोल केल्यावर ट्रायल लॉटमध्ये रिजेक्शन शंभराला सहावरून दोनच्या आसपास आलं. मला तपासणीचं आणि दोषाचं कारण शोधायचं काम आवडतं म्हणून क्वालिटीसाठी अप्लाय केलंय. मी गडहिंग्लजची आहे, चाकणला राहायला यायची तयारी आहे."

एवढंच. यातलं प्रत्येक वाक्य का आहे ते सांगते. 'गॅस अडकून पोकळ छिद्रं' असं सोप्या भाषेत सांगितलं कारण पॅनेलवर एचआर मॅडमपण असणार होत्या आणि त्यांना नुसतं ब्लो होल म्हटल्यावर काही कळलं नसतं, आणि क्वालिटीच्या माणसासाठी लगेच पुढे खरा शब्द. 'आमच्या ग्रुपमध्ये माझं काम' हे फार महत्त्वाचं आहे, कारण नुसतं 'आम्ही रिजेक्शन कमी केलं' म्हटलं की पुढचा प्रश्न हमखास येतो, तू स्वतः काय केलंस, आणि तिथे ग्रुपमधले बरेच जण अडकतात. आकडा सांगताना 'ट्रायल लॉटमध्ये' हे शब्द मुद्दाम ठेवले. कंपनीचं सगळं रिजेक्शन आम्ही कमी केलं असं कुठल्याच ट्रेनीला म्हणता येणार नाही, आणि समोरचा माणूस वीस वर्षं त्याच लाइनीत असतो, त्याला ते वाक्य ऐकताच कळतं. घरच्यांबद्दल काही नाही, पण राहायला यायची तयारी आहे, कारण लांबची पोरं जॉइन होऊन थोड्या दिवसांत सोडून जातात ही एचआरची खरी काळजी असते.

आता प्रत्यक्ष काय झालं. मॅडमनी प्रश्न विचारला, मी बोलले, क्वालिटी मॅनेजर सर तोवर माझ्या रेझ्युमेकडे बघत होते. 'वाळूत ओलावा' म्हटल्यावर त्यांनी वर बघितलं आणि माझं शेवटचं वाक्य होईपर्यंत थांबले. मग सरळ हिंदीत आले, मी अप्लाय का केलं वगैरे काही नाही, पहिलाच प्रश्न, ओलावा वाढला की ब्लो होल का येतात? मी सांगितलं की चौदाशे डिग्रीच्या आसपासचं लोखंड मोल्डमध्ये ओतलं की वाळूतल्या पाण्याची वाफ होते, ती वाळूच्या कणांमधून बाहेर पडायला हवी, पण पाणी जास्त आणि वाळूतून हवा जायला जागा कमी असली की ती वाफ उलटी धातूत शिरते आणि तिथेच अडकते. आमच्याकडे वाळूत साडेतीन टक्के ओलावा ठेवायचा असं ठरलेलं होतं आणि जुलैमध्ये तो साडेचारच्या वर जात होता कारण नवीन वाळू उघड्या शेडमध्ये पडलेली असायची, आणि मिक्सिंग करताना पाणी मात्र नेहमीएवढंच घालायचे. ट्रायल किती पीसची? चारशे. कमी आहेत ना? हो सर, आणि फक्त एकाच पार्टवर केली होती. त्यांनी मान हलवली.

मग ते उठले, मागच्या रॅकवरून एक कापलेला कास्टिंगचा तुकडा आणला आणि माझ्यासमोर ठेवला. "ये भी ब्लो होल है?" तुकडा जड होता, एका बाजूला बॉस म्हणजे जाड उंचवटा आणि त्याला लागून पातळ भिंत, आणि बरोबर त्या जोडाच्या आत एक पोकळी. मी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि आत बघितलं. ब्लो होल आतून गुळगुळीत असतं, थोडं चमकतंपण, आकार गोलसर, आणि गॅस वर जातो म्हणून बहुतेक वेळा कास्टिंगच्या वरच्या बाजूला सापडतं. हे आतून खडबडीत होतं, कडा वेड्यावाकड्या, आणि जागा जाड भागाची. मी म्हटलं, सर हे श्रिंकेज वाटतंय, जाड भाग सगळ्यात शेवटी थंड होतो, आकसताना त्याला वरून धातू मिळाला नाही म्हणून पोकळी राहिली. उपाय? तिथे जास्तीचा धातू पुरवणारा फीडर द्यावा लागेल किंवा चिल म्हणजे धातूचा तुकडा ठेवून तो भाग लवकर थंड करावा लागेल, पण ते डिझाइन मी केलेलं नाही, फक्त बघितलंय. सर एवढंच म्हणाले, "देखा है, ठीक है." प्रोजेक्टमध्ये रिजेक्ट पीसच्या ढिगात बसून हे वेगळं ते वेगळं करत बसायचे ना, ते तिथे असं उपयोगी आलं. नुसत्या पुस्तकावर मला तो फरक हातात धरून सांगता आला नसता.

नंतर मायक्रोमीटरचं लीस्ट काउंट, गो नो-गो गेज कशासाठी असे नेहमीचे दोन-चार प्रश्न झाले. शेवटी मॅडमनी पास झाल्यापासून मधले काही महिने काय केलं ते विचारलं. हे मी उत्तरात आधी घातलं नव्हतं कारण गॅप फार मोठा नव्हता, पण वर्षाच्या वर असेल तर माझ्या मते एका वाक्यात स्वतःच सांगून टाकावं, कारण ते रेझ्युमेवर दिसतंच आणि न सांगितलं की समोरचा तेच धरून बसतो. मी सांगितलं की गडहिंग्लजला एका वर्कशॉपमध्ये जात होते, लेथवरचे जॉब मोजून द्यायचे. बस, विषय संपला.

एक मात्र लक्षात घ्या, ही पद्धत सगळीकडे अशीच चालेल असं नाही. माझ्या भावाचा पुण्यात आयटीचा कॅम्पस ड्राइव्ह होता, तिथे शेकडो मुलं आणि एचआर राउंडला फक्त एचआरच. तिथे हा प्रश्न मुख्यतः तुम्ही इंग्लिशमध्ये न अडखळता सलग बोलू शकता का हे बघायला असतो, प्रोजेक्टच्या खोलात कुणी जात नाही, म्हणून त्याने प्रोजेक्ट दोन वाक्यांत उरकला आणि टेक्निकल राउंडला तोच नीट उलगडून सांगितला. आणि तुमचाच प्रोजेक्ट विकत आणलेला असेल तर त्यावर हे उत्तर बांधू नका, दुसऱ्या 'का' लाच ते उघडं पडतं. त्यापेक्षा एखादं लॅबमधलं प्रॅक्टिकल जे खरंच स्वतः केलंय ते घ्या, चालतं.

मला दुसऱ्या राउंडला प्लँट हेडकडे पाठवलं आणि त्यांनीपण पहिला प्रश्न तोच विचारला. तिथे मी ओलाव्याचं थोडक्यात ठेवलं आणि वर्कशॉपचं काम पुढे घेतलं, कारण ते स्वतः मशीन शॉपमधून वर आलेत असं मॅडम बोलता बोलता म्हणाल्या होत्या. त्यांनी विचारलं, बोअर म्हणजे पार्टमधलं गोल भोक मोजताना व्हर्निअर का नाही वापरायचा. मी म्हटलं टॉलरन्स वीस मायक्रॉनचा असला तर व्हर्निअरचा भरवसा नाही, बोअर गेज लागतो, तो आधी रिंग गेजवर झीरो करून घ्यायचा. त्यानंतर फक्त तिन्ही शिफ्ट चालतील का आणि राहणार कुठे एवढंच विचारलं. पुढच्या आठवड्यात मेल आला.