डायलिसिसच्या पेशंटसाठी कोल्हापुरी स्वयंपाक: शिजवलेलं पाणी ताटात येऊ द्यायचं नाही

सासऱ्यांचं डायलिसिस सुरू झालं आणि घरात सगळ्यात आधी बदलला तो रस्सा. आजाऱ्याला ताकद यावी म्हणून आपल्याकडं मटणाचं अळणी पाणी देतात. डायलिसिसवाल्याला नेमकं तेच नको, कारण शिजताना मटणातलं पोटॅशियम आणि काही फॉस्फरस त्या पाण्यातच उतरतं, आणि किडनी चालत नसल्यानं ते अंगात साठतं. मटण मात्र बंद करू नये, प्रथिनं लागतातच. लहान तुकडे करून भरपूर पाण्यात अर्धा तास उकळायचे, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग सुकं करायचं.

भाजीचंही तसंच. बटाट्याचं उदाहरण घेऊ. 100 ग्रॅम कच्च्या बटाट्यात साधारण 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि दिवसाची मर्यादा बहुतेकांना 2000 ते 3000 च्या मध्ये दिलेली असते. साल काढून, बोटाच्या पेरापेक्षा लहान फोडी करायच्या. फोडींच्या पाचपट तरी पाणी घेऊन, झाकण न ठेवता, मऊ होईपर्यंत उकळायचं आणि पाणी गाळून टाकायचं. असं केलं की पोटॅशियम जवळपास निम्म्यावर येतं. किसून उकळलं तर आणखी कमी होतं. रात्रभर नुसतं भिजत घालण्यावर बरेच जण विसंबतात, पण बटाट्याच्या बाबतीत त्यानं फारसं काही निघत नाही, खरं काम उकळण्यानं होतं. कुकरमध्ये सालीसकट शिजवला तर पोटॅशियम आतच राहतं. आणि निम्मं गेलं म्हणून दुप्पट वाढून घेतलं, तर हिशेब परत तिथंच.

फोडणी नंतर द्यायची. कांदा-लसूण चटणी अगदी चिमूटभर, कारण तिच्यातलं मीठ तहान वाढवतं आणि सुकं खोबरं पोटॅशियम. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ तर घरात आणूच नये: त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं.

पाण्याचा हिशेब असा. चोवीस तासांतली लघवी मोजायची आणि त्यात 500 मिली मिळवायचे (डॉक्टर वेगळं सांगतील तर ते धरायचं). लघवी 300 मिली असेल तर दिवसाला 800 मिली. सकाळी एका बाटलीत तेवढंच पाणी भरतो. चहा, ताक, आमटी, गोळीसोबतचा घोट, जे पोटात जाईल तेवढं बाटलीतून कमी करतो. एक वाटी आमटीनं 150 मिली सहज जातात. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन दोन किलोनं वाढलं तर साधारण दोन लिटर पाणी साठलंय असं समजायचं.

फॉस्फरस उकळून पूर्ण निघत नाही. दूध, पनीर, खवा कमीच ठेवायचे. पाकिटावर फॉस्फेट लिहिलेलं दिसलं की ते टाळायचं, कारण ते जवळजवळ सगळं अंगात शोषलं जातं. जेवणातलं फॉस्फरस पोटातच अडवणारी बाइंडरची गोळी जेवताना घ्यायची, दोन तासांनी घेतलेली वाया जाते.