एकादशीची रात्र आणि अडीच किलो भगर

आमचा ढाबा हेळवाकजवळ, कुंभार्ली घाटाच्या अलीकडे. आषाढी एकादशीच्या रात्री नऊच्या सुमारास पंढरपूरहून चिपळूणकडे निघालेली एसटी दारात येऊन थांबली. घाटात दरड कोसळली होती. भिजलेली चव्वेचाळीस माणसं उतरली, बहुतेक सगळी माळकरी आणि उपाशी.

साबुदाण्याची खिचडी दुपारीच संपली होती. नवा साबुदाणा भिजून मोकळा व्हायला चार-पाच तास तरी लागतात. म्हणजे भगरच. ती भिजवावी लागत नाही, वीस मिनिटांत शिजते. पाच पुड्या होत्या, एकेक किलोच्या.

पावसाळ्यात भगरीचा मला भरवसा नसतो. दमट हवेत तिला ओल धरते, बुरशी येते आणि माणसं आजारी पडतात. म्हणून प्रत्येक पुडी परातीत ओतून पाहिली. दोन पुड्यांत गठ्ठे होते, हातात घेतले तर कुबट वास. तिसरी अर्धी बरी दिसत होती. पोऱ्या म्हणाला, “दादा, चाळून घेऊ, वरचं चांगलं आहे.” मी तिन्ही बाजूला काढणार होतो, पण माणसं बघून हात थांबला. मग तिसरीतली वरची चिमूटभर जिभेवर ठेवली. कडवट लागली. तीही टाकली.

राहिली दोन किलो. आणि अर्धा किलो घरच्या डब्यातली, बायकोने कालच आणलेली.

तेवढ्यात एक आजी चुलीपाशी आल्या. “बाळा, ह्या टोपात मटण शिजतं का रे?” शिजत होतं. खोटं बोलवेना. दूध तापवायची दोन पातेली काढली, राखेनं घासून घेतली.

भगर पुरवायला चार किलो बटाटे बारीक चिरले आणि तूप, जिरं, मिरचीत परतले. भगर धुऊन, निथळून त्यातच कोरडी परतली, मग अडीचपट उकळतं पाणी. गार पाणी घातलं असतं तर गोळे झाले असते. आच मंद, वर झाकण. बाजूला दाण्याच्या कुटाची आमटी, आमसूल आणि गुळाची. हळद, मोहरी नाही. कोथिंबीर चालते का ते विचारलं. काहींना चालत नव्हती, म्हणून वेगळी ठेवली.

आमटी जरा पातळच झाली, पण गरम होती. माणशी दीड पळी भगर वाढली. चालक-वाहक सगळ्यांत शेवटी बसले.

पहाटे जेसीबीनं रस्ता मोकळा केला. द्वादशीचं पारणं सुटावं म्हणून त्याच पातेल्यांत कांदा-लसूण नसलेलं वरण आणि भात टाकला होता. निघताना त्याच आजी पुन्हा चुलीपाशी आल्या आणि पातेल्याच्या बुडाशी लागलेली भाताची खरवड मागून घेतली.