पळवलेली सोंगटी

‘वाडी’ हा मी बनवलेला खेळ दोन वाक्यांत सांगता येतो. सात बाय सातच्या रिकाम्या पटावर दोघांनी आळीपाळीने आपापली एक सोंगटी ठेवायची. पट भरला की ज्याच्या सोंगट्यांचा कडेला कड लागून झालेला सलग पुंजका, म्हणजे वाडी, मोठी, तो जिंकला. सोंगटी हलत नाही आणि मारलीही जात नाही.

अशा खेळात जास्तीची सोंगटी कधी नुकसान करत नाही, त्यामुळे आधी ठेवणारा वरचढ ठरणार हे मला ठाऊक होतं. किती वरचढ, हे कळण्यासाठी चाळीस डाव खेळवले. प्रत्येक जोडी दोन डाव खेळायची आणि दुसऱ्या डावात सुरुवात करणारा बदलायचा, म्हणजे कसलेल्या खेळाडूचं यश पहिल्या चालीच्या खात्यावर जमा होत नाही. त्यात पहिला 27 डाव जिंकला. नाणं चाळीस वेळा उडवलं तर 27 किंवा जास्त छापे शंभरात साधारण दोनदाच पडतात, म्हणून हा नुसता योगायोग मानायला मी तयार नव्हते.

‘गो’मध्ये दुसऱ्या खेळाडूला भरपाई म्हणून साडेसहा किंवा साडेसात गुण देतात. मीही तसं करून पाहिलं, पण माझ्या खेळात मुलं एका घराने हरत आणि मुरलेले लोक पाचने. दोघांना पुरेल असा आकडा कुठून आणायचा? मग ‘हेक्स’ खेळणारे वापरतात तो अदलाबदलीचा नियम घेतला. पहिल्याने एक सोंगटी ठेवायची. ती पाहून दुसऱ्याने ठरवायचं, नुसतं पुढे खेळायचं की ती सोंगटी, तिच्या रंगासकट, आपली करून घ्यायची. भावंडांत चिक्की वाटताना कापणाऱ्याने शेवटी उचलायची, त्यातलीच ही गोष्ट. प्रश्न मिटला असं समजून मी सावंतवाडीला पट करायलाही टाकले.

आणि मग तो रविवार आला. बारा जोड्या, चोवीस डाव. चाचणीत मी तोंड उघडत नाही. खोक्यासोबत मी घरोघरी जाणार नसते, त्यामुळे नियमाचा कागद एकट्याने पुरला पाहिजे. तो पहिल्याच टेबलावर पुरला नाही. एका मुलाने सोंगटी पळवली आणि लगेच दुसरी ठेवली. समोरची मुलगी कडाडली, “हे काय, दोनदा?” बरोबर तिचंच होतं. पळवणं हीच त्याची चाल होती आणि आता दुसऱ्या रंगाने खेळायची पाळी तिची. माझ्या कागदावर मात्र फक्त ‘सोंगटी बदलता येईल’ एवढंच होतं.

खरा धक्का संध्याकाळी वही पाहताना बसला. सतरा डावांत पहिली सोंगटी सवयीने मधोमध पडली होती, सतराही वेळा समोरच्याने ती पळवली आणि त्यातले 12 डाव पळवणारा जिंकला. लबाडी तीच होती, फक्त आता ती दुसऱ्याच्या हातात गेली होती.

शेजारच्या काकू नातवाबरोबर खेळत होत्या. त्यांनी एकदा मधोमध ठेवून मार खाल्ला. पुढच्या वेळी कोपऱ्यात ठेवली, तर नातवाने ढुंकूनही पाहिलं नाही, स्वतः मधोमध ठेवली आणि जिंकला. तिसऱ्यांदा त्यांनी कोपऱ्यापासून तिरकं एक घर आत ठेवली. नातू गप्प. नखं कुरतडली, काकूंकडे पाहिलं, पुन्हा पटाकडे. “अरे घे नाहीतर सोड, चहा निवतोय,” काकू म्हणाल्या.

मला हवी होती ती मोजपट्टी त्या कुरतडलेल्या नखांत होती. नुसती जीत-हार मोजून काही उमगणार नव्हतं; कुठली पहिली चाल किती वेळा पळवली जाते हे बघायला हवं होतं. सगळेच पळवतात ती फार जोरकस, कुणीच पळवत नाही ती फार कमकुवत. साधारण निम्मे पळवतात, तीच तोलाची. पट फिरवून आणि आरशात पाहून सारखी दिसणारी घरं एक धरली की 49 घरांचे फक्त दहा प्रकार उरतात, त्यामुळे हे काम दोन आठवड्यांत झालं. काकूंचं घर वीसपैकी नऊ वेळा पळवलं गेलं. (सर्वज्ञ खेळाडूंना याचा उपयोग नाही हे मान्य, ते नेहमी अचूक निवडतील आणि दुसरा कधीच हरणार नाही. माझं गिऱ्हाईक जेवणानंतर खेळणारं आहे.)

नवखा मात्र निवडणार कशाच्या आधारावर, हे उरलंच. म्हणून कागदावर लिहिलं, ‘पहिले काही डाव ठिपक्याच्या घरातून सुरू करा.’ कोपऱ्यांजवळच्या त्या चार घरांत ठिपके हवेत, हे सांगायला सावंतवाडीला फोन लावला.

“ताई, रंग कालच सुकलाय,” कारागीर म्हणाले. “ठिपक्यांना अजून दोन दिवस धरा. आणि चारच ना? नंतर पाचवा सांगू नका.”