खोल खाचांचे बूट आणि चौथं पाऊल

पहिल्या हिवाळ्यात मी बूट घेतले ते सोल उलटा करून बघूनच. ट्रॅक्टरच्या टायरसारखे जाड दाते, खोल खाचा. ताज्या भुसभुशीत बर्फात छान चालले. मग एके दुपारी ऊन पडलं, फुटपाथवरचा बर्फ वितळला, रात्री गोठला, आणि सकाळी उणे एक अंशाला दारापासून चौथ्या पावलावर मी आडवा.

कारण नंतर कळलं. खोल दाते मऊ बर्फात रुततात, म्हणून धरतात. काचेसारख्या बर्फात रुतायला जागाच नसते. तिथे रबर किती टेकतं आणि किती मऊ आहे यावर सगळं. त्यातून शून्याच्या आसपास बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो, तेव्हा तो सर्वांत निसरडा. उणे पंधराला चालणं त्यामानाने सोपं!

मग मी ते बूट पिशवीत घालून दोन तास फ्रीझरमध्ये ठेवले (घरच्यांनी काय म्हटलं ते सोडा). बाहेर काढून सोलवर अंगठ्याचं नख दाबलं. प्लास्टिकच्या बादलीवर दाबल्यासारखं, खूणही उमटेना. थंडीत कडक होणारं रबर बर्फाच्या बारीक खडबडीतपणाला चिकटून बसत नाही.

दुसरी जोडी शोधताना टोरोंटोच्या केआयटीई या संशोधन संस्थेची बुटांच्या पकडीची चाचणी उपयोगी पडली. तिथे माणसं तिरप्या बर्फाळ फरशीवर बूट घालून चढतात-उतरतात, कोरड्या आणि ओल्या दोन्ही बर्फावर, आणि न घसरता किती अंशांचा उतार झेपला ते मोजतात. सात, अकरा आणि पंधरा अंशांना अनुक्रमे एक, दोन, तीन हिमकण अशी श्रेणी देतात. मी दोनवाले घेतले. खाचा उथळ, ठोकळे दाट, आणि मऊ रबरात बारीक खरखरीत कण मिसळलेले. बोट फिरवलं तर सॅंडपेपरसारखं लागतं. उघड्या काँक्रीटवर चालून ही खरखर झिजते, विशेषतः टाचेला. म्हणून मी अधूनमधून तिथे बोट फिरवून बघतो.

उबेचा पकडीशी संबंध नाही. पहिल्या जोडीवर उणे चाळीस छापलं होतं, पण असे आकडे सगळे एकाच पद्धतीने ठरवत नाहीत. दोन जाड मोजे कोंबल्यावर बूट आवळले आणि बोटं तरीही गारठली.

बुटांवर चढवायची स्प्रिंगची जाळीही घेतली. पण तारा फक्त चवड्याखाली होत्या, आणि पाऊल टाकताना आधी टेकते टाच! मग टाचेखालीही पोलादी खिळे असलेली आणली. बर्फावर ती उत्तम, पण दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर तेच खिळे सरकले आणि मी दाराची चौकट धरून वाचलो. आता आत जायच्या आधी बसून काढतो, पिशवीत टाकतो. पाऊस पडून गोठलेल्या सकाळी ती लागतेच. कोरड्या कडक थंडीत नुसते बूट पुरतात.